सप्लायरची फोर्स मेजर नोटीस आली तर: उत्तर, पुरावे आणि नवं वेळापत्रक

जुलैच्या २४ तारखेला संध्याकाळी पावणेसहाला माझ्या व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ आली. वसई पूर्वेच्या सप्लायरचं लेटरहेड आणि खाली चार ओळी: अतिवृष्टीमुळे कारखान्यात पाणी शिरलं आहे, ही घटना फोर्स मेजर, म्हणजे आमच्या हाताबाहेरची आपत्ती, समजावी, सर्व डिलिव्हरी पुढील सूचनेपर्यंत थांबवत आहोत, सहकार्य करावे. रबाळे एमआयडीसीत आम्ही पंपिंग स्टेशनसाठी कंट्रोल पॅनल बनवतो आणि त्या पॅनलचे पत्र्याचे कॅबिनेट वसईहून येतात. मी खरेदी विभागात तेव्हा नवीनच होतो. ‘काळजी घ्या शेठ, नोटेड’ असं टाइप करून अंगठा सेंडवर गेला होता. शेजारच्या टेबलावरच्या सीनियरने मोबाइल ओढून घेतला, म्हणून वाचलो.

का वाचलो ते पुढे येईलच. पहिल्यांदाच अशी नोटीस हातात आली असेल, तर त्या पंधरा दिवसांत मी जे शिकलो ते क्रमाने सांगतो. मी वकील नाही. रक्कम मोठी असेल किंवा करार रद्द करायची वेळ आली, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. पण पहिलं उत्तर खरेदी विभागालाच द्यावं लागतं, आणि तेही एक-दोन दिवसांत.

आधी टेबलावर काय हवं

पर्चेस ऑर्डर आणि तिच्या मागच्या अटी, ऑर्डरमध्ये नंतर झालेले बदल, आजवरच्या चलनांची आणि स्टोअरच्या मालपावत्यांची यादी, दिलेल्या ॲडव्हान्सचा हिशेब, आणि तुमच्या ग्राहकाची तुमच्यावरची ऑर्डर. शेवटचा कागद बहुतेक जण विसरतात.

१. नोटीस वाचण्याआधी ऑर्डरचं कलम वाचा

फोर्स मेजर म्हणजे काय, हे नोटीस ठरवत नाही. ते तुमच्या ऑर्डरमधलं कलम ठरवतं. आमच्या कलमात पूर, आग, दंगल, सरकारी बंदी अशी यादी होती. घटना घडल्यापासून सात दिवसांत लेखी कळवायचं, पुरावा द्यायचा, नुकसान कमी करण्यासाठी वाजवी प्रयत्न करायचे, असंही होतं. मजुरांची टंचाई आणि कच्च्या मालाची भाववाढ स्पष्ट शब्दांत वगळलेली होती. तुमच्या कलमात यातलं काय आहे आणि काय नाही, त्यावर पेन्सिलने खुणा करा. पुढचं सगळं पत्र त्या खुणांवर उभं राहतं.

ऑर्डरमध्ये असं कलमच नसेल, तर सप्लायरला भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५६ कडे जावं लागतं. तिथली पायरी बरीच उंच आहे. काम अवघड किंवा तोट्याचं झालं एवढं तिथे पुरत नाही, ते अशक्य व्हावं लागतं. भाव वाढला म्हणून सूट मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एनर्जी वॉचडॉग प्रकरणात सांगितलं. तिथे इंडोनेशियाचा कोळसा महागला होता. एप्रिल २०२० मध्ये पोलाद आयातदार लॉकडाउनचं कारण घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेव्हा लॉकडाउन मर्यादित काळाचा आहे, या मुद्द्यावर न्यायालयाने त्यांना अंतरिम दिलासा दिला नाही. हे दोन निकाल पत्रात लिहायची गरज नाही. ‘आता पत्रा परवडत नाही हो’ असा फोन आला, तर आपला पाय कशावर आहे ते मनात ठेवायला पुरेसे आहेत.

२. तारखांची एक पट्टी आखा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे, आणि त्याला वीस मिनिटं लागतात. कागदावर आडवी रेघ ओढा. वरच्या बाजूला ठरलेल्या डिलिव्हरीच्या तारखा, खालच्या बाजूला घटनेची तारीख.

आमची ऑर्डर ४८० कॅबिनेटची होती, १२०-१२० चे चार लॉट. तारखा ५ जुलै, २० जुलै, ५ ऑगस्ट आणि २० ऑगस्ट. पहिल्या लॉटचे ८० नग आले होते, ४० बाकी होते. दुसऱ्या लॉटमधला एकही आला नव्हता. पाणी शिरलं २२ जुलैच्या रात्री. पट्टी आखली आणि चित्र उघडं पडलं: १६० नग पावसाच्या आधीच उशिरा होते. त्या उशिराला पूर कारण असूच शकत नाही. पुराचा संबंध लागलाच तर तिसऱ्या आणि चौथ्या लॉटशी, म्हणजे २४० नगांशी.

नोटीसमध्ये मात्र ‘सर्व डिलिव्हरी’ असा शब्द होता. जुना उशीर नव्या संकटाच्या गाठोड्यात बांधून टाकण्याची ही पद्धत फार चालते. दर वेळी त्यात लबाडीच असते असं नाही. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला ५ जुलै आठवत नाही. आपण आठवून द्यायचं.

३. तोंडी आणि व्हॉट्सॲपवर काहीही मान्य करू नका

आता माझ्या ‘नोटेड’ची गोष्ट. करार कायद्याच्या कलम ५५ मध्ये असं आहे की वेळ हा कराराचा गाभा असताना माल उशिरा आला आणि तुम्ही तो मुकाट स्वीकारलात, तर उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. स्वीकारतानाच ‘भरपाईचा हक्क राखून ठेवतो’ असं कळवावं लागतं. आणि कलम ६३ प्रमाणे घेणारा स्वतःहून मुदत वाढवून देऊ शकतो. माझ्या ‘काळजी घ्या, नोटेड’चा अर्थ नंतर कोणी ‘मुदत वाढवून दिली’ असा लावला असता, तर मी काय सांगणार होतो?

सीनियरने माझ्याकडून एवढंच पाठवून घेतलं: “नोटीस मिळाली. ऑर्डरमधील अटींनुसार तपासून उद्या ईमेलने उत्तर देतो. तुमची माणसं सुखरूप आहेत ना?” शेवटचं वाक्य त्याचंच. ते ठेवा. हक्क राखायचा म्हणजे माणुसकी सोडायची असं कुठल्याच कलमात लिहिलेलं नाही.

उलट टोकाची चूकही करू नका. ‘तुमची नोटीस आम्ही फेटाळतो’ असं पहिल्याच दिवशी लिहून बसलात आणि पूर खराच निघाला, तर पुढच्या सगळ्या पत्रव्यवहारात तुम्ही हट्टी ठरता. पहिल्या उत्तरात होही नाही, नाहीही नाही.

४. पुरावा मागताना ‘पुरावा पाठवा’ एवढंच लिहू नका

असं लिहिलंत की रस्त्यावर पाणी साचल्याचे चार फोटो आणि वर्तमानपत्राचं कात्रण येतं. त्यातून पाऊस पडला एवढंच सिद्ध होतं, आणि ते आपल्यालाही दिसलेलं असतं. आपल्याला तीन वेगळे प्रश्न विचारायचे असतात.

पहिला: घटना त्या जागी, त्या दिवशी घडली का? पावसासाठी कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय रोजची नोंद मिळते. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की महसूल खातं त्याला अतिवृष्टी म्हणतं. इथे एक खोच आहे. पावसाची रोजची मोजणी सकाळी साडेआठला होते, त्यामुळे २२ च्या रात्रीचा पाऊस २३ तारखेच्या नावावर दिसतो. मी २२ चा आकडा पाहून ‘हा खोटं बोलतोय’ म्हणून उठलोच होतो. तलाठ्याचा पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत मागा. आगीच्या बाबतीत त्याच जागी अग्निशमन दलाचा अहवाल येतो.

दुसरा: त्या घटनेने आपल्या मालाचं नेमकं कोणतं काम थांबलं? इथेच खरी मेख असते. पत्र्याचं कॅबिनेट म्हणजे कटिंग, बेंडिंग, वेल्डिंग, मग पावडर कोटिंग, मग गॅस्केट आणि पॅकिंग. यातलं कुठलं यंत्र बुडालं? त्यासाठी दुरुस्ती करणाऱ्या इंजिनिअरचा अहवाल, सुट्या भागांची ऑर्डर, आणि विमा कंपनीला नुकसान कळवल्याची प्रत मागा. विम्याच्या कागदावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे, कारण तिथे माणूस यंत्रांची नावं आणि नंबर घालून लिहितो. नोटीसमध्ये ‘संपूर्ण प्लांट बंद’ आणि विम्याच्या अर्जात फक्त भिजलेला पत्रा, असं असेल तर दोनपैकी एक कागद खोटा आहे.

तिसरा: आपल्या मालापैकी आज काय कुठल्या अवस्थेत आहे? कापलेले किती, वाकवलेले किती, कोटिंग झालेले किती, अजून हात न लागलेले किती. हा स्टॉकचा तक्ता पुरावा म्हणून तर लागतोच, पण पुढचं वेळापत्रकही त्याच्यावरच बांधायचं असतं.

५. उत्तराचं पत्र

आमचं मूळ पत्र इंग्रजीत होतं. मजकूर मराठीत असा:

> संदर्भ: आमची पर्चेस ऑर्डर क्र. ___, आपली २४ जुलैची नोटीस.
>
> आपली नोटीस २४ जुलै रोजी व्हॉट्सॲपवर मिळाली. नोटीस मिळाल्याची ही पोच आहे. आपला दावा आम्ही मान्य केला आहे किंवा डिलिव्हरीची मुदत वाढवून दिली आहे, असा तिचा अर्थ नाही. ऑर्डर आणि कायद्याखालील आमचे सर्व हक्क राखून हे उत्तर देत आहोत.
>
> पहिल्या लॉटचे ४० आणि दुसऱ्या लॉटचे १२० नग अनुक्रमे ५ व २० जुलैला देय होते. ते घटनेच्या आधीच थकलेले असल्याने त्यांना ही नोटीस लागू होत नाही, अशी आमची भूमिका आहे.
>
> २८ जुलैपर्यंत पुढील गोष्टी पाठवाव्यात:
> (अ) घटनेची तारीख, वेळ व जागा, आणि पंचनामा झाला असल्यास प्रत;
> (आ) नुकसान झालेल्या प्रत्येक यंत्राचं नाव, दुरुस्ती अहवाल, विमा कंपनीला दिलेली सूचना;
> (इ) आमच्या ऑर्डरच्या ४०० थकीत व देय नगांची आजची टप्पानिहाय स्थिती;
> (ई) लॉटनिहाय नवं वेळापत्रक, प्रत्येक तारखेमागच्या कारणासह;
> (उ) उशीर कमी करण्यासाठी केलेले व करणार असलेले उपाय: बाहेरून कोटिंग, जादा पाळी, तयार नग टप्प्याटप्प्याने पाठवणे.
>
> २७ जुलैला आमचे दोन प्रतिनिधी कारखान्यात येतील. हरकत असल्यास आजच कळवावे.

ऑर्डरमध्ये नोटीस कुठल्या पत्त्यावर द्यायची ते लिहिलेलं असतं. त्याच ईमेलवर हे पाठवा आणि एक प्रत स्पीड पोस्टने. आमच्या पत्राची सगळी ताकद ‘थकलेले’ या परिच्छेदात होती. तारखांची पट्टी नसती, तर तो लिहिताच आला नसता.

६. जाऊन बघा

ठाण्याहून घोडबंदर रोडने पावसाळ्यात वसई पूर्व म्हणजे अर्धा दिवस गेलाच. तरी जा, आणि सोबत क्वालिटीचा माणूस न्या.

भिंतीवर पाणी कुठवर चढलं त्याची चिखलाची रेघ असते. सगळ्यात आधी तिची उंची मोजा. आमच्याकडे ती साधारण दोन फूट होती. कटिंगचं लेझर मशीन उंच चौथऱ्यावर होतं आणि ते चालू होतं, आम्ही गेलो तेव्हाही पत्रा कापला जात होता. बुडालं होतं ते पावडर कोटिंगच्या भट्टीचं: बर्नरच्या ब्लोअरची मोटर आणि खाली बसवलेला तिचा कंट्रोल पॅनल. इंजिनिअरच्या अहवालात मोटर रिवाइंडिंगला चार दिवस आणि नवे कंट्रोलर यायला आठ-दहा दिवस लिहिले होते. भट्टी ८ ऑगस्टच्या सुमारास पेटणार होती.

थकीत १६० पैकी ११० कॅबिनेट वाकवून, वेल्डिंग होऊन रॅकवर कोरडे उभे होते, फक्त रंगाची वाट बघत. ३० तयार होऊन खोक्यात होते, पण खोकी जमिनीवर ठेवलेली, म्हणून भिजलेली. उरलेले २० कापलेलेच नव्हते. म्हणजे ‘प्लांट बंद’ नव्हता, एक खातं बंद होतं. शेठना हे विचारलं तेव्हा ते चिडले नाहीत. “माझ्या डोक्यात भट्टी म्हणजेच प्लांट,” म्हणाले. मला ते खरं वाटलं.

७. नवं वेळापत्रक: एक तारीख नको, तारखांची साखळी हवी

त्यांनी दिलेलं पहिलं उत्तर होतं ‘४५ दिवस’. असा गोल आकडा आला की समजा, तो अंदाजाने दिला आहे. त्याला तोडून विचारा: भाग कधी येणार, बसवायला किती दिवस, भट्टी चाचणीला किती, मग रोज किती नग रंगणार, त्यातले आमचे किती? भट्टी १७ दिवस बंद राहणार असेल तर ४५ दिवस कुठून आले? उत्तर असं निघालं की त्यांच्याकडे इतर ग्राहकांचाही माल तुंबला होता आणि आमचा नंबर मागे लागला होता. सगळ्यांना थोडंथोडं द्यायचं असेल तर तेही चालतं, पण वाटणी प्रमाणात हवी आणि ती आपल्याला सांगायला हवी. आपल्याला शेवटी टाकून उरलेला उशीर पुराच्या नावावर लिहायचा, याला नाही म्हणा.

आम्ही लॉटनिहाय तारखा घेतल्या आणि दर सोमवारी व गुरुवारी टप्पानिहाय आकडे पाठवायचं ठरवून घेतलं. आकडा दोनदा आला नाही की फोन, तिसऱ्यांदा नाही की भेट.

८. उपाय तुम्हीही सुचवा

सप्लायर अडचणीत असताना त्याच्या हातात उपाय असतोच असं नाही. रबाळे-पावणे पट्ट्यात पावडर कोटिंगचं जॉबवर्क करणारे मिळतात. आम्ही एकाचं नाव दिलं. पण रंग मारायचा म्हणून कुठेही मारून घेऊ नका. पत्रा धुण्या-फॉस्फेटिंगची सेव्हन टँक लाइन आहे का ते बघा, नाहीतर पंपिंग स्टेशनच्या दमट हवेत वर्षभरात रंगाखालून गंज फुटतो. छटा आरएएल ७०३५, जाडी ६० ते ८० मायक्रॉन, हे लेखी दिलं. पहिल्या पाच नगांवर आमच्या माणसाने मीटर लावून जाडी मोजली आणि मगच पुढचे सोडले. माल सप्लायरच्या डिलिव्हरी चलनावर आणि ई-वे बिलावर थेट जॉबवर्करकडे गेला. हा कागद चुकला तर टेम्पो नाक्यावर अडकतो आणि त्या उशिराला मग कुणाचंच फोर्स मेजर नसतं.

खर्च कोणाचा? थकीत १६० नगांचा पूर्णपणे त्यांचा, कारण तो उशीर त्यांचाच होता. तिसऱ्या लॉटसाठी कोटिंग त्यांचं, टेम्पोचं भाडं अर्धं-अर्धं. हे आधी ईमेलवर ठरवा, मग माल हलवा.

भिजलेल्या ३० पैकी २४ धुऊन, वाळवून, बिजागऱ्या तपासून घेतले. सहा परत केले, कारण गॅस्केटखाली पाणी राहिलं होतं.

९. दोन सापळे

पहिला पैशाचा. राग म्हणून आधी घेतलेल्या ८० नगांचं बिल अडवू नका. सप्लायर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी मालाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. उशिराच्या दंडाचा हिशेब वेगळा, डेबिट नोटने करा.

दुसरा तुमच्या ग्राहकाचा. सप्लायरचं फोर्स मेजर आपोआप तुमचं होत नाही. ग्राहकाच्या ऑर्डरमध्ये उपपुरवठादाराची अडचण धरली आहे का ते बघा, आणि धरली असेल तर तिथली कळवायची मुदत मोजा. आम्हाला सात दिवस होते आणि मी सहाव्या दिवशी जागा झालो. ते पत्र त्याच रात्री नऊ वाजता गेलं.

१०. प्रकरण लेखी बंद करा

थकीत १६० नग ६ ऑगस्टपर्यंत आले. तिसरा लॉट ५ ऐवजी १४ ऑगस्टला, चौथा २० ऐवजी २४ ला. प्रत्येक मालपावतीवर स्टोअरच्या काकांनी शिक्का मारला: ‘उशिरा प्राप्त, भरपाईचा हक्क राखून स्वीकारला’. तो शिक्का आम्ही मुद्दाम बनवून घेतला होता, दीडशे रुपयांत.

भट्टी पेटल्यावर सप्लायरकडून एक ओळ लिहून घेतली, की फोर्स मेजरची स्थिती ८ ऑगस्टला संपली. ही ओळ नसेल तर दिवाळीतल्या उशिरालाही जुलैचा पाऊस लागतो. मग आम्ही शेवटचं पत्र दिलं: तिसऱ्या लॉटला नऊ दिवस आणि चौथ्याला चार दिवसांची मुदतवाढ मान्य, त्यावर दंड नाही, १६० नगांवर ऑर्डरप्रमाणे आठवड्याला अर्धा टक्का, डेबिट नोट सोबत. शेठनी त्यावर फोन करून अर्धा तास घासाघीस केली, डेबिट नोट स्वीकारली, आणि पुढच्या आठवड्यात भट्टीचा कंट्रोल पॅनल जमिनीपासून चार फूट वर बसवल्याचा फोटो पाठवला.